छायाचित्रे असलेल्या पीडीएफ फाइलचा आकार कमी करणे

छायाचित्रे असलेल्या पीडीएफ फाइलचा आकार कमी करणे म्हणजे फाइलमधील चित्रांचे पिक्सेल गरजेपुरते ठेवून, मजकुराला धक्का न लावता, ती ईमेलसोबत पाठवता येईल इतकी लहान करणे. हे शक्य होते, कारण पीडीएफमध्ये मजकूर आणि छायाचित्रे वेगवेगळ्या प्रकारे साठवलेली असतात. मजकूर हा अक्षरांचे संकेतांक आणि फाँटमधील वक्ररेषा या स्वरूपात असतो. त्याला जागा फार कमी लागते आणि कितीही मोठा करून पाहिला तरी त्याच्या कडा रेखीव राहतात. छायाचित्र मात्र ठिपक्यांचे बनलेले असते, आणि फाइलचे बहुतेक वजन त्याचेच असते.

मर्यादेचे गणित

जीमेलवर ही मर्यादा २५ एमबी आहे. अनेक कार्यालयांचे सर्व्हर याहून कमी आकार स्वीकारतात. ईमेलमधून जाताना फाइल सहसा बेस६४ या पद्धतीने अक्षरांत रूपांतरित होते. तीत दर तीन बाइटांची चार अक्षरे होतात, म्हणजे आकार सुमारे एक तृतीयांशाने वाढतो. त्यामुळे संपूर्ण संदेशावर १० एमबीची मर्यादा असेल, तर प्रत्यक्षात जेमतेम ७ एमबीची फाइल जाते. ९ एमबीची फाइल परत का आली, याचे उत्तर बहुधा येथेच असते. फाइल झिप करून उपयोग होत नाही, कारण जेपीईजी चित्रे आधीच संकुचित असतात.

उदाहरण

एका महाविद्यालयाच्या वार्षिक अहवालात मोबाइलवर काढलेली ४० छायाचित्रे आहेत असे मानू. प्रत्येक चित्र ४००० × ३००० पिक्सेलचे व सुमारे ३.५ एमबीचे असल्यास, फाइल १४० एमबीची होते. पानावर मात्र चित्राची रुंदी ५ इंचच आहे. म्हणजे दर इंचाला ८०० पिक्सेल पडतात. पडद्यावर वाचण्यासाठी व साध्या छपाईसाठी १५० पुरेसे असतात. ही घनता १५० वर आणल्यास चित्र सुमारे ७५० × ५६३ पिक्सेलचे होते आणि पिक्सेलची संख्या अठ्ठाविसाव्या हिश्श्यावर येते. असे चित्र साधारण १०० ते १५० केबीचे असते. सर्व मिळून ४ ते ६ एमबी.

घोस्टस्क्रिप्ट या मुक्त प्रणालीत हे काम एका आज्ञेने होते:

```
gs -sDEVICE=pdfwrite -dPDFSETTINGS=/ebook -dNOPAUSE -dBATCH -sOutputFile=lahan.pdf mool.pdf
```

येथे `/ebook` म्हणजे रंगीत चित्रांसाठी दर इंचाला १५० पिक्सेल. `/screen` निवडल्यास ते ७२ वर येतात आणि चेहरे ओळखणेही अवघड होते, तर `/printer` ३०० ठेवते. चित्राची घनता ठरवलेल्या आकड्याच्या दीडपटीहून अधिक असेल तरच ते लहान केले जाते. म्हणून २०० पिक्सेल घनतेची चित्रे `/ebook` मध्ये तशीच राहतात आणि फाइल जवळजवळ तेवढीच भरते. आधी `pdfimages -list mool.pdf` ही आज्ञा देऊन `x-ppi` हा रकाना पाहिल्यास कोणती चित्रे जड आहेत ते कळते. पुष्कळदा मुखपृष्ठावरील एकदोन चित्रेच खरी दोषी निघतात.

मजकूर अस्पष्ट होण्याची कारणे

वरील पद्धतीत मजकूर बिघडत नाही. तो बिघडतो तेव्हा बहुधा मुळातच तो मजकूर नसून चित्र असते. पानावरील एखादा शब्द निवडून पाहावा. शब्दाऐवजी संपूर्ण पान निवडले जात असेल किंवा काहीच निवडले जात नसेल, तर पान स्कॅन केलेले आहे. अशा पानावर जेपीईजीचे संकोचन वाढवले की अक्षरांभोवती करड्या सावल्या उमटतात. देवनागरीत अनुस्वार, रफार आणि जोडाक्षरांतील बारीक रेषा सर्वांत आधी पुसट होतात. काही साधने आकार कमी करताना प्रत्येक पानाचेच चित्र बनवतात, तेव्हाही हेच घडते. म्हणून नव्या फाइलमध्ये शब्द निवडून, ४०० टक्के मोठा करून पाहणे इष्ट.

स्कॅन केलेली निव्वळ मजकुराची पाने काळ्या-पांढऱ्या दोनच छटांत, दर इंचाला ३०० पिक्सेल ठेवून, सीसीआयटीटी गट ४ या पद्धतीने साठवावीत. अशी पाने लहानही होतात व कडाही टिकतात. जेबीआयजी२ ही पद्धत आणखी लहान फाइल देते, परंतु तिचा हानिकारक प्रकार सारख्या दिसणाऱ्या आकृत्यांसाठी एकच आकृती वापरतो. २०१३ मध्ये डेव्हिड क्रीसेल या जर्मन संगणकतज्ज्ञाने झेरॉक्सच्या काही यंत्रांत यामुळे स्कॅनमधील ६ च्या जागी ८ उमटत असल्याचे दाखवून दिले. हिशेबाच्या कागदांसाठी हा प्रकार टाळावा.

मर्यादा

डिजिटल स्वाक्षरी केलेली फाइल अशा रीतीने पुन्हा लिहिल्यास स्वाक्षरी वैध राहत नाही. म्हणून स्वाक्षरी आकार कमी केल्यानंतर करावी. काढून टाकलेले पिक्सेल परत मिळवता येत नाहीत, त्यामुळे छपाईसाठी मूळ फाइल वेगळी ठेवावी लागते.