रात्रीचा दीड चमचा

माझी मावशी नऊ वर्षं रोज रात्री झोपताना कोमट पाण्याबरोबर दीड चमचा चूर्ण घेत होती. पोट साफ व्हायचं चूर्ण, एवढीच तिच्या लेखी त्याची ओळख. ते औषध आहे असं तिला कधी वाटलंच नाही. त्यामुळे डॉक्टरांनी विचारलं की ती रक्तदाबाची आणि कॅल्शियमची गोळी सांगायची, चूर्णाचं नाव काढायची नाही. मागच्या हिवाळ्यात तिच्या पोटऱ्यांत रात्री गोळे यायला लागले, जिना चढताना मांड्या गळून जायच्या. रक्त तपासलं तर पोटॅशियम ३.१ निघालं. ते साधारण ३.५ ते ५ असावं लागतं. तेव्हा डॉक्टरांनी नेमका प्रश्न केला, “काकू, पोट साफ होण्यासाठी काही घेता का?” आणि डबी बाहेर आली.

डबीवर बारीक अक्षरांत घटक छापलेले होते: सोनामुखी, बाळहिरडा, ज्येष्ठमध, सैंधव. यातली सोनामुखी महत्त्वाची. काही डब्यांवर ती सनाय, स्वर्णपत्री किंवा मार्कंडी या नावानेही असते. तिच्या पानांतलं द्रव्य लहान आतड्यात फारसं शोषलं जात नाही. ते मोठ्या आतड्यात पोचतं, तिथले जिवाणू त्याचं रूपांतर करतात, आणि मग आतड्याच्या हालचाली वाढतात व पाणी आत शोषलं जाण्याऐवजी मळातच राहतं. या सगळ्याला सहा ते बारा तास लागतात, म्हणून रात्री घेतलेलं चूर्ण सकाळी काम करतं. मळातल्या पाण्याबरोबर पोटॅशियमही जातं. मावशीची रक्तदाबाची गोळी लघवी वाढवणारी होती, तिच्यामुळेही पोटॅशियम जातं, आणि ज्येष्ठमध रोज जास्त घेतलं तर त्यानेही. एकाच हौदाला तीन गळत्या लागल्या होत्या.

मग डबी त्याच दिवशी फेकून द्यावी, असं कुणालाही वाटेल. मावशीने पूर्वी दोनदा तसं केलंही होतं. दोन्ही वेळा तिसऱ्या-चौथ्या दिवशी पोट फुगलं, जीव कासावीस झाला आणि ती चूर्णावर परतली. ‘आता आतड्याला सवयच लागली, हे जन्माचं झालं,’ असा तिने त्याचा अर्थ लावला.

हा अर्थ बहुतेकदा चुकीचा असतो, आणि तो का चुकतो हे समजलं की पुढचं सोपं जातं. एरवी शौचाला होतं तेव्हा मोठ्या आतड्याचा खालचा भागच रिकामा होतो. सोनामुखीचा डोस लागू पडला की त्याच्या बराच वरपर्यंतचा मळ निघून जातो. तो भाग पुन्हा भरायला दोन-तीन दिवस लागणारच. त्या दिवसांत शौचाला होत नाही, कारण बाहेर टाकण्यासारखं आत फारसं नसतंच. पण ज्याला रोज सकाळी ‘कोठा साफ’ झालेला हवा असतो, तो दुसऱ्याच रात्री चमचा उचलतो, आणि चक्र पुन्हा फिरतं. दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा, यातलं काहीही निरोगी माणसाला स्वाभाविक असू शकतं, हे आपल्याकडे फार कमी लोकांना माहीत आहे.

दुसरा परिणाम पाण्याचा. चूर्णाचं प्रमाण जास्त असेल तर शरीराला रोज पाणी आणि मीठ गमावण्याची सवय होते, आणि ते धरून ठेवणारी संप्रेरकं वाढलेली असतात. अचानक थांबवलं की गळती बंद होते, पण धरून ठेवणं काही दिवस चालूच राहतं. पाय सुजतात, वजन किलो-दोन किलो वाढतं. ही सूज सहसा थोड्या आठवड्यांत उतरते. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्याने मात्र ती अंगावर काढू नये. दुर्बिणीने तपासताना आतड्याचं अस्तर काळपट दिसलं तरी घाबरायचं कारण नसतं. सोनामुखी बंद झाल्यावर काही महिन्यांत तो रंग फिका होत जातो.

मावशीच्या बाबतीत डॉक्टरांनी आधी पोटॅशियम भरून काढलं आणि रक्तदाबाची गोळी बदलली. मग त्यांनी विचारलं, चूर्ण सुरू कधी झालं? हिशेब केला तर कॅल्शियमची गोळी लागल्यानंतर वर्षभराने. कॅल्शियमने, लोहाच्या गोळ्यांनी, कोडीनच्या खोकल्याच्या औषधाने मळ घट्ट होतो. थायरॉइड मंदावल्यानेही होतो. तिच्या खाण्यातलं दूध, दही, नाचणी मोजून त्यांनी कॅल्शियम अर्ध्यावर आणलं. मला ही पायरी सगळ्यांत मोलाची वाटते. ज्यासाठी चूर्ण लागलं ते कारण तसंच ठेवून चूर्ण सोडायला गेलं तर ते सुटत नाही.

पहिले दोन आठवडे चूर्णाला हात लावला नाही. फक्त सकाळी एक चमचा इसबगोल भरपूर पाण्यात ढवळून लगेच, आणि वर आणखी पाणी. इसबगोल पाणी धरून फुगतं. पाणी कमी पडलं तर तेच अडकून बसतं, म्हणून गिळायला त्रास असणाऱ्याने ते घेऊ नये. गोळ्या आणि इसबगोल यांत दोन तासांचं अंतर ठेवलं. आठवडाभर गॅस झाला, मग कमी झाला. त्यानंतर चूर्ण सव्वा चमचा, दर दहा दिवसांनी पाव चमचा कमी. अर्ध्या चमच्यावर आल्यावर एक रात्र आड, मग दोन रात्री आड, मग बंद. सगळ्यांना लागू पडेल असं एकच ठरलेलं वेळापत्रक नाही. तिला अडीच महिने लागले. चहा-नाश्त्यानंतर आतडं आपोआप हलतं, म्हणून हाक येवो न येवो, ती त्या वेळी पाच-दहा मिनिटं बसायची. कमोडपुढे पायाखाली पाट ठेवला की गुडघे वर येतात आणि जोर कमी लावावा लागतो. कॅलेंडरवर ती रोज चूर्णाचं माप आणि ‘खडा’, ‘मऊ’ किंवा ‘पातळ’ एवढं लिहायची. सलग तीन दिवस काहीच झालं नाही तर अर्धा चमचा एकदा घ्यायचा आणि दुसऱ्या दिवशी आधीच्याच मापावर यायचं, असं ठरलं होतं.

हे सगळं घरी करायचं नाही असेही प्रसंग आहेत. मळात रक्त, कारण नसताना घटणारं वजन, पन्नाशीनंतर अचानक बदललेली सवय, किंवा पोट फुगून उलट्या आणि वायूही न सरणं. यात आधी तपासणी. पार्किन्सन, मणक्याची दुखापत, कॅन्सरच्या वेदनेसाठी मॉर्फिन, यांत रेचक बंद करण्याचा हट्ट धरणंच चूक. तिथे ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली चालू राहणं योग्य. उलट जुलाब लागले असतील तर चूर्ण त्याच दिवशी थांबवायचं, तिथे हळूहळू कमी करत बसायचं नाही.

प्रत्येक पूरकाला असं उतरतं माप लागतही नाही. इसबगोल थांबवलं तर शरीर उलटून येत नाही. बी-१२ची गोळी सोडल्यावरही लगेच काही होत नाही, पण शाकाहारी माणसाच्या यकृतातला साठा सावकाश संपतो आणि मुंग्या येऊ लागतात तेव्हा गोळी सोडल्याचं कुणाच्या ध्यानातही नसतं. तिथे धोका झटक्याचा नसून विसरण्याचा असतो.

मावशीची डबी अजून स्वयंपाकघरातल्या फळीवर आहे. गेल्या दोन महिन्यांत तिने ती दोनदा उघडली, दोन्ही वेळा लांबच्या प्रवासाहून आल्यावर, अर्ध्या चमच्यासाठी. कॅलेंडरवर त्या दोन तारखांभोवती गोल आहे. परवा केलेल्या तपासणीत पोटॅशियम ४.२ आलं, ते तिने त्याच कॅलेंडरवर कोपऱ्यात लिहून ठेवलं आहे.