हप्ता की भाडं? हिशेब उरलेल्या पैशांचा

"भाडं म्हणजे पाण्यात गेलेले पैसे. त्यापेक्षा हप्ता भर, निदान घर तरी आपलं होईल." नोकरी लागून चार-पाच वर्षं झाली की हा सल्ला प्रत्येकाला मिळतो. आई-वडील देतात, ऑफिसातले सहकारी देतात, बिल्डरचा माणूस तर देतोच. सल्ला देणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण त्यात अर्धाच हिशेब असतो. भाडं आणि हप्ता यांची नुसती तुलना करून काहीच ठरत नाही. भाड्याने राहणाऱ्याकडे दर महिन्याला हप्त्याच्या मानाने जे पैसे उरतात, त्यांचं तो काय करतो, यावर सगळं ठरतं. तो फरक गुंतवला तर एक उत्तर येतं आणि खर्चून टाकला तर अगदी उलटं येतं.

एक उदाहरण सविस्तर पाहू. पुण्यात 80 लाख रुपये किमतीचा, राहायला तयार टू-बीएचके फ्लॅट आहे. त्याच इमारतीत तसाच फ्लॅट 22 हजार रुपये महिना भाड्याने मिळतो. सारखाच पगार आणि सारखीच बचत असलेली दोन कुटुंबं आहेत. एक घर विकत घेतं, दुसरं भाड्याने राहतं.

पहिल्या दिवसाचा खर्च

घर घेणाऱ्याला बँक 80 टक्के, म्हणजे 64 लाखांचं कर्ज देते. उरलेले 16 लाख पदरचे. पुणे शहरात मुद्रांक शुल्क 7 टक्के (घर बाईच्या नावावर असेल तर 6), म्हणजे 5 लाख 60 हजार. नोंदणी फी 30 हजार. कर्जाची प्रोसेसिंग फी, खिडक्यांच्या जाळ्या, किचन ट्रॉली यांत आणखी लाखभर जातात. सगळे मिळून 23 लाख रुपये घरात पाऊल ठेवण्याआधीच खर्च होतात.

दुसऱ्या कुटुंबाकडेही 23 लाख आहेत. त्यातला लाखभर डिपॉझिट आणि दलालीत जातो. उरलेले 22 लाख ते गुंतवतं. घर घेणाऱ्यांच्या हिशेबातून हीच रक्कम हमखास निसटते, कारण ती एकदा भरली की पुन्हा डोळ्यांसमोर येत नाही.

महिन्याचा फरक

64 लाखांच्या कर्जाचा 8.5 टक्के व्याजाने 20 वर्षांचा हप्ता साधारण 55,500 रुपये येतो. पहिल्याच हप्त्याकडे नीट पाहा. त्यातले 45,333 रुपये व्याजाचे असतात आणि मुद्दलात जेमतेम 10,200 रुपये जातात. भाडं पाण्यात जात असेल तर हे व्याजही पाण्यातच जातं आणि पहिल्या महिन्यात ते भाड्याच्या दुप्पट आहे. शिवाय सोसायटीचा मेंटेनन्स, मालमत्ता कर, रंगकाम, गळती असा महिना सरासरी 5 हजारांचा खर्च मालकाकडेच असतो. म्हणजे मालकाचे महिन्याला 60,500 रुपये जातात आणि भाडेकरूचे 22 हजार. फरक 38,500 रुपयांचा.

हा फरक कायम राहत नाही, कारण हप्ता स्थिर असतो आणि भाडं वाढतं. भाडं आणि देखभाल दोन्ही वर्षाला 6 टक्क्यांनी वाढतात असं धरू. दहाव्या वर्षी फरक 27 हजारांच्या आसपास येतो, पंधराव्या वर्षी 17 हजार आणि विसाव्या वर्षी जेमतेम 4 हजार उरतात. पुढे कर्ज फिटतं, मालकाचा हप्ता बंद होतो आणि भाडेकरूला मात्र 70 हजार रुपये भाडं द्यावं लागतं. म्हणून भाडेकरूने सुरुवातीच्या वर्षांत गुंतवलेल्या पैशांना फार महत्त्व आहे. पुढचं वाढीव भाडं त्यांच्याच जोरावर भरायचं असतं.

वीस वर्षांनंतर

नुसता खिशातून गेलेला पैसा मोजला तर मालकाने 20 वर्षांत सुमारे 1 कोटी 78 लाख घातले. भाडेकरूचे भाड्यात आणि डिपॉझिट-दलालीत 98 लाख गेले आणि उरलेले 80 लाख त्याने गुंतवले. दोघांनी खिशातून सारखेच पैसे काढले, म्हणून आता दोघांकडे काय आहे ते ताडून पाहता येतं.

घराची किंमत वर्षाला 6 टक्क्यांनी वाढली तर ते 2 कोटी 57 लाखांचं होतं. कर्ज फिटलेलं असल्याने ते पूर्णपणे मालकाचं. भाडेकरूची गुंतवणूक इंडेक्स फंड आणि पीपीएफसारख्या साधनांत मिळून, कर जाऊन वर्षाला 9 टक्क्यांनी वाढली, तर त्याच्याकडे सुमारे 3 कोटी 9 लाख जमतात. तो 52 लाखांनी पुढे आहे. ही रक्कम मोठी वाटते, पण ती वीस वर्षांनंतरची आहे. महागाई 6 टक्के धरली तर आजच्या भावाने ती 16 लाखांच्या आसपास भरते. आणि त्याला तेव्हा तसंच घर घ्यायचं ठरलं, तर किंमत आणि मुद्रांक शुल्क भरून हातात साधारण 34 लाख राहतात.

ही आघाडी कशावर टिकून आहे तेही पाहायला हवं. घराची किंमत 6 ऐवजी 7 टक्क्यांनी वाढली तर दोघे बरोबरीत येतात. कर्ज 8.5 ऐवजी 7.5 टक्क्यांनी मिळालं, तर हप्ता 4 हजारांनी कमी होतो, गुंतवायला तेवढे पैसे कमी उरतात आणि आघाडी 52 वरून 27 लाखांवर येते. भाडेकरूने सगळे पैसे एफडीसारख्या ठिकाणी ठेवले आणि कर जाऊन 7 टक्केच मिळाले, तर त्याच्याकडे 2 कोटी 28 लाख होतात आणि तो मागे पडतो. म्हणजे केवळ सुरक्षित ठेवींच्या भरवशावर भाड्याने राहणं या उदाहरणात परवडत नाही. शेअर बाजाराची जोखीम घ्यायची तयारी लागते. आणि मार्च 2020 मध्ये निफ्टी जानेवारीच्या उच्चांकापासून एक तृतीयांशाहून जास्त कोसळला होता, हे लक्षात ठेवूनच ती घ्यायची.

शंभरातले बहात्तर

आता या हिशेबातला सगळ्यात नाजूक भाग. दर महिन्याचा फरक इमानेइतबारे गुंतवला जातो असं आपण धरून चाललो. प्रत्यक्षात गाडी येते, परदेशी सहल होते, घरात लग्न निघतं, बाजार पडला की घाबरून एसआयपी थांबवली जाते. फरकातले निम्मेच पैसे गुंतवले तर 20 वर्षांनी 2 कोटी 16 लाख होतात, म्हणजे घर घेणारा 40 लाखांनी पुढे. काहीच गुंतवलं नाही आणि फक्त सुरुवातीचे 22 लाख जपले, तर 1 कोटी 23 लाख. घराच्या निम्मेही नाहीत.

बरोबरी कुठे होते? फरकातल्या दर 100 रुपयांपैकी 72 रुपये, वीस वर्षं न चुकता गुंतवले गेले तर. त्याहून कमी गुंतवणार असाल तर घर घेणंच फायद्याचं. घर म्हणजे उत्तम गुंतवणूक म्हणून नव्हे, तर हप्ता चुकवता येत नाही म्हणून. हप्ता थकला की बँकेचा फोन येतो, सिबिल स्कोअर खाली जातो. एसआयपी बंद केली तर कोणी विचारायलाही येत नाही. आपल्या आई-वडिलांच्या पिढीत घराने अनेकांना सावरलं, त्यात या सक्तीच्या बचतीचा वाटा मोठा होता.

मुक्काम किती आणि भाडं किती

दोन गोष्टी हे उत्तर सहज उलटवू शकतात. पहिली म्हणजे मुक्काम. नोकरीमुळे पाच वर्षांत घर विकावं लागलं तर काय होतं? घर 1 कोटी 7 लाखांचं झालेलं असतं, पण 33 लाखांचे हप्ते भरूनही कर्ज अजून 56 लाखांच्या वर बाकी असतं. विकून, दलाली देऊन हातात 49-50 लाख येतात आणि नफ्यावरचा कर वेगळा. भाडेकरूकडे तोवर 61 लाख असतात. मुद्रांक शुल्क आणि सुरुवातीचं व्याज थोड्या वर्षांत भरून निघत नाही. बदलीची नोकरी असलेल्याने घाईने घर घेऊ नये, ते यासाठी.

दुसरी गोष्ट म्हणजे किंमत आणि भाडं यांचं प्रमाण. आपल्या उदाहरणात घराची किंमत वर्षाच्या भाड्याच्या 30 पट आहे. तेच 80 लाखांचं घर 35 हजारांना भाड्याने जात असतं, तर हे प्रमाण 19 पट झालं असतं आणि भाडेकरूचा निधी 1 कोटी 80 लाखांच्या आत राहिला असता. तिथे विकत घेणंच शहाणपणाचं. म्हणून घर पाहायला गेल्यावर त्याच इमारतीतलं भाडं आधी विचारावं आणि किमतीला वर्षाच्या भाड्याने भागावं.

करसवलतीचा प्रश्नही येतो. कर्जाच्या व्याजावर वर्षाला 2 लाखांपर्यंतची वजावट स्वतः राहत असलेल्या घरासाठी जुन्या करप्रणालीतच मिळते, आणि भाडेकरूची घरभाडे भत्त्याची सवलतही तिथेच. नवीन प्रणालीत दोन्ही नाहीत. त्यामुळे या तुलनेत कर दोन्हीकडून सारखाच वगळता येतो.

पैशात न मोजता येणारा भागही आहे. अकरा महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्स करारात मालकाने घर रिकामं करायला सांगितलं की मुलांची शाळा, म्हाताऱ्या माणसांचा डॉक्टर सगळं नव्याने जुळवावं लागतं. करार पाच वर्षांपर्यंतचाही नोंदवता येतो. तसा आग्रह धरावा. आणि स्थैर्यासाठी काही लाख जास्त मोजायची कोणाची तयारी असेल तर तो निर्णय चुकीचा नाही, फक्त किती लाख ते ठाऊक असावं.

घर घ्यायचं की भाड्याने राहायचं या विचारात असाल, तर सही करण्याआधी एक वर्ष स्वतःची परीक्षा घ्या. मनात ठरवलेल्या घराचा हप्ता आणि देखभाल मिळून जेवढी रक्कम होते, त्यातून सध्याचं भाडं वजा करा. उरलेली रक्कम पगार होताच दुसऱ्या दिवशी आपोआप वेगळ्या खात्यात वळती करा आणि त्याला हात लावू नका. या उदाहरणात वर्षाला ते 4 लाख 62 हजार होतात. बारा महिन्यांनी पैसे पूर्ण शिल्लक असतील, तर भाड्याने राहून श्रीमंत होण्याची शिस्त तुमच्यात आहे, आणि घर घ्यायचंच ठरलं तरी हप्ता झेपतो हे कळलेलं असेल. पैसे मोडले गेले असतील आणि हप्ता पगाराला झेपणारा असेल, तर घर घ्या. मात्र मोडण्याचं कारण हौसमौज नसून ओढाताण असेल, तर तेवढं कर्ज तुमच्यासाठी नाही. लहान घर बघा किंवा थांबा.