दोन बाइटांमागे दडलेला स्लॅश

ऑक्टोबर 2000 मध्ये मायक्रोसॉफ्टच्या आयआयएस या वेब सर्व्हरमधलं एक भगदाड उघड झालं. वरच्या फोल्डरमध्ये शिरू पाहणारा `../` हा मार्ग सर्व्हर अडवत असे. हल्लेखोरांनी त्याऐवजी `..%c0%af` पाठवलं. तपासणीला त्यात स्लॅश दिसला नाही. पुढे उलगडा होताना मात्र `C0 AF` चा स्लॅशच झाला. पुढच्या वर्षी निमडा या वर्मने हीच वाट वापरली.

यूटीएफ-8 मध्ये स्लॅशला `2F` हा एकच बाइट पुरतो. त्याच्या आकड्यापुढे बिनकामाची शून्यं जोडली, की तो दोन किंवा तीन बाइटांत पसरवता येतो. अशी लांबवलेली रूपं आता मानकानुसार अवैध आहेत. `C0` आणि `C1` तर दिसताक्षणीच नाकारायचे.

`E0` ला मात्र सरसकट हाकलता येत नाही, कारण देवनागरी अक्षरं त्यानेच सुरू होतात. ‘क’ म्हणजे `E0 A4 95`. म्हणून पार्सरने दुसरा बाइट पाहायचा. तो `A0` ते `BF` मध्ये असेल तरच पुढे जायचं. `E0 80 AF` हा पुन्हा स्लॅशच!

आणि ‘क’ अर्धवटच आला तर?

```
E0 A4 22
```

`22` म्हणजे अवतरणचिन्ह. पहिला बाइट पाहून आंधळेपणाने तीन बाइट उचलणारा पार्सर ते गिळतो आणि मजकूर कुठे संपला हेच त्याला कळत नाही. बफर तिथेच संपला असेल, तर तो हद्दीबाहेरची मेमरी वाचतो. त्यामुळे प्रत्येक बाइट वाचण्याआधी तो शिल्लक आहे का आणि नंतर तो `80` ते `BF` मधला आहे का, हे बघावंच लागतं. इथे `22` नाकारला, तरी टाकून द्यायचा नाही. चूक `E0 A4` ची. `22` पासून वाचन नव्याने सुरू होतं.