गाडी टायरवर उभी नसते, लटकलेली असते

जळगावहून एरंडोल-पारोळामार्गे धुळ्याला निघालेली तुमची गाडी कशावर उभी आहे? हवेवर, असं आपण म्हणतो. टायरमधली हवा रिमला खालून वर ढकलते आणि गाडी तरंगते, असं चित्र डोळ्यांसमोर असतं. पण क्षणभर विचार करा. बंद जागेतली हवा सगळीकडे सारखाच दाब देते. ती रिमला खालून जेवढी वर ढकलते, तेवढीच वरून खाली दाबते. हिशेब शून्य! मग हजारबाराशे किलोची गाडी पेलतं कोण?

उत्तर टायरच्या बाजूच्या भिंतीत आहे, जिला टायरवाले साइडवॉल म्हणतात. तिच्या रबरात बारीक, चिवट दोऱ्यांचा थर असतो. हवा भरली की हे दोरे ताणले जातात आणि रिमला चहूबाजूंनी बाहेर खेचतात. गाडीचं वजन आलं की जमिनीलगतची साइडवॉल थोडी फुगते आणि तिथल्या दोऱ्यांची खालची ओढ ढिली पडते. वरच्या दोऱ्यांची ओढ मात्र तशीच राहते. म्हणजे रिम वरच्या दोऱ्यांना चक्क लटकलेली असते, सायकलचा आस वरच्या तारांना लटकतो तशी! हवेचं काम एवढंच, की दोरे ताणलेले ठेवायचे.

हे एकदा लक्षात आलं, की टायरवरच्या आकड्यांकडे बघण्याची नजरच बदलते. ही भिंत किती उंच, हेच तर ते आकडे सांगतात.

मारुती स्विफ्टचंच बघा. खालच्या मॉडेलच्या टायरवर १६५/८० आर १४ असं लिहिलेलं असतं. टायरची रुंदी १६५ मिलिमीटर, साइडवॉलची उंची त्या रुंदीच्या ८० टक्के, म्हणजे १३२ मिलिमीटर, आणि रिम १४ इंची. वरच्या मॉडेलला १८५/६५ आर १५ येतो. तिथे भिंत १२० मिलिमीटर. हौशी मंडळी बाहेरून १७ इंची अलॉय चढवतात आणि त्यावर २०५/४५ चा टायर. भिंत उरते ९२ मिलिमीटर. गंमत म्हणजे तिन्ही चाकांचा एकूण व्यास जवळपास सारखाच, ६२ सेंटिमीटरच्या आसपास. तो सारखा ठेवावाच लागतो, नाहीतर स्पीडोमीटर खोटं बोलायला लागतो. रिम मोठी करायची तर तेवढी जागा साइडवॉलकडूनच घ्यावी लागते.

१३२ वरून ९२. तीस टक्के घट. एवढ्याने काय बिघडतं?

त्यासाठी ताशी ६० किलोमीटरने खड्ड्यात शिरू या. साठेक सेंटिमीटर लांबीचा, साधाच खड्डा. तो ओलांडायला चाकाला ३६ मिलिसेकंद लागतात, म्हणजे सेकंदाचा साधारण अठ्ठाविसावा भाग. एवढ्या वेळात नुसत्या गुरुत्वाकर्षणाने चाक किती खाली पडेल? फक्त ६ मिलिमीटर! मग ते दाणकन आत का जातं? कारण वरची दबलेली स्प्रिंग त्याला खाली फेकते. पाव गाडीचं वजन पेलणारी ती स्प्रिंग, खालची जमीन नाहीशी होताच, तीसचाळीस किलोच्या चाकाला चार-पाच सेंटिमीटर खाली ढकलू शकते. जे सस्पेन्शन तुम्हाला आराम देण्यासाठी बसवलंय, तेच चाकाला खड्ड्यात लोटतं.

आणि मग समोरून येते खड्ड्याची पलीकडची कड. ती सहा सेंटिमीटर उंच धरू. टायर कडेला टेकल्यापासून चाकाचा मध्य तिच्यावर येईपर्यंत अंतर आहे १८ सेंटिमीटर. वेळ, ११ मिलिसेकंद. पापणी लवायलाही याच्या दहापट वेळ लागतो. एवढ्यात ते जड चाक सहा सेंटिमीटर वर उचललं जाणं जवळपास अशक्य. शॉकॲब्जॉर्बरला खबर लागेपर्यंत सगळं होऊन गेलेलं असतं. म्हणून ही कड मुख्यतः गिळावी लागते ती टायरलाच. त्याच्या पोटात जागा असेल तर.

किती जागा असते? इथे ते तीस टक्के आपला खरा रंग दाखवतात. १३२ मिलिमीटर ही भिंतीची पूर्ण उंची. त्यातले १७ मिलिमीटर रिमच्या कडेमागे लपलेले असतात. गाडीच्या वजनाने टायर १५ मिलिमीटर आधीच दबलेला असतो. भिंत दुमडली की तिचं दुहेरी रबर आणि खालचं नक्षीचं रबर मिळून अंदाजे २५ मिलिमीटर खातात. हे सगळं वजा करा. खालच्या मॉडेलच्या टायरकडे दबायला ७५ मिलिमीटर उरतात. १७ इंचीवाल्याकडे? तीच वजाबाकी केली की पस्तीस. उंची तीस टक्क्यांनी घटली, पण कामाला येणारी जागा निम्मी झाली! रिमची कड, रबर आणि वजन आपापला वाटा कमी करत नाहीत, सगळी कपात मोकळ्या जागेतून होते.

जागा संपली की रिमची कड आणि खड्ड्याची कड यांच्यात साइडवॉल चेंगरते. आतले काही दोरे तुटतात. रबर शाबूत असतं, हवाही जात नाही, म्हणून आपण खुशाल पुढे निघतो. पण तुटलेल्या दोऱ्यांच्या जागी हवा रबराला बाहेर ढकलत राहते आणि काही तासांत किंवा काही दिवसांत साइडवॉलला फुगा दिसतो. ज्या दोऱ्यांना रिम लटकते, तेच तिथे राहिलेले नाहीत. हा फुगा दुरुस्त होत नाही. कोणी आतून ठिगळ लावून देतो म्हणाला तर ‘नको भो’ म्हणा आणि टायर बदला.

रिमची कथा आणखी फसवी आहे. अलॉयच्या आऱ्या बहुतेक बाहेरच्या बाजूला असतात, त्यामुळे बाहेरच्या कडेला आधार मिळतो. आतली, गाडीकडची कड मात्र निराधार. दणका बसला की बहुधा तीच वाकते. बाहेरून बघाल तर रिम चकचकीत, ओरखडासुद्धा नाही! मग कळायचं कसं? ८० च्या पुढे स्टीअरिंग थरथरतं, बॅलन्सिंग करूनही थांबत नाही. किंवा एकाच चाकाची हवा दर आठवड्याला दोन-तीन पीएसआयने उतरते आणि पंक्चर काही सापडत नाही. अशा वेळी चाक मशीनवर चढवून फिरवायला सांगा आणि आतल्या कडेवर नजर ठेवा. वाकलेली कड डोळ्यांना वरखाली नाचताना दिसते.

लोखंडी रिम वाकते आणि ठोकून बऱ्यापैकी सरळ होते. अलॉय म्हणजे ओतीव ॲल्युमिनियम. ते थोडं वाकतं, पुढे तडकतं. त्याला कारखान्यात ठरावीक तापमानावर भाजून ताकद दिलेली असते. गॅसच्या ज्योतीवर तापवून सरळ केलं, की ती ताकद तिथल्यापुरती जाते. तडा गेलेली अलॉय वेल्डिंग करून पुढच्या चाकाला लावणं हा मला तरी शुद्ध जुगार वाटतो.

मग सगळे रस्ते सारखेच वाईट का? नाही, आणि खानदेशात ही गोष्ट फार छान बघायला मिळते. तापीच्या खोऱ्यातली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळून आकसते. तिच्यावर बांधलेला रस्ता वर्षावर्षाने वरखाली होतो आणि लांबच लांब लाटा तयार होतात. गाडी होडीसारखी डुलते. या लाटा सावकाश येतात, स्प्रिंगला भरपूर वेळ मिळतो, म्हणून तिथे टायर उंच असो की बसका, फारसा फरक पडत नाही. दुसरा प्रकार पावसाळ्यातला. डांबराच्या भेगेत पाणी शिरतं, भरलेला ट्रक त्यावरून गेला की पाणी दाबाने खडीवरचं डांबर सोडवतं, खडी सुटते आणि धारदार कडेचा खड्डा तयार होतो. तिसरा पुलाच्या तोंडाशी. पूल पक्क्या पायावर, जोडरस्त्याचा भराव मात्र दबत जातो आणि मधे पायरी राहते. या दोन्ही ठिकाणी कडा आहेत, आणि कडा हे टायरचं काम.

तर मग बसके टायर बनवतात तरी कशाला? कारण उंच भिंत बाजूलाही वाकते. वळणावर स्टीअरिंग फिरवलं की आधी साइडवॉल कलते, मग गाडी वळते. मधे क्षणभराचा उशीर. बसक्या टायरला तो उशीर जाणवत नाही, गाडी बोट दाखवाल तिकडे जाते. शिवाय मोठ्या रिममध्ये मोठा ब्रेक मावतो. गुळगुळीत घाटात उंच टायरची गाडी जरा सैल वाटते, हे कबूल केलंच पाहिजे. आणि बसका टायर दिसतोही देखणा. पण तो देखणेपणा उभ्या गाडीचा असतो.

आता इथल्या उन्हाळ्याची एक करामत. मे महिन्यात जळगाव-भुसावळ ४५ अंशांपर्यंत तापतं. सकाळी ३० अंशांत ३३ पीएसआय हवा भरलीत. दुपारी पळून टायरमधली हवा ६५ अंशांवर गेली, तर दाब आपोआप ३८-३९ होतो. पंपावर कोणीतरी म्हणतं, ‘हवा जास्त झाली, काढून टाकतो, गाडी मऊ पण चालेल.’ तो ३३ वर आणतो. दुसऱ्या दिवशी सकाळी टायरमध्ये असतात २८! आता दोरे ढिले, टायर आधीच जास्त दबलेला, आणि पस्तीस मिलिमीटरची जागा अजून कमी. बसक्या टायरला हे सर्वात महागात पडतं. हवा सकाळी, गार टायरमध्येच मोजायची, आणि आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवरचा धरायचा.

खड्डा चुकवता येतच नसेल, तर आधी ब्रेक दाबा आणि कडेला टेकण्यापूर्वी सोडून द्या. दाबलेल्या ब्रेकमुळे गाडीचं तोंड खाली झुकतं, पुढच्या स्प्रिंगा दबतात आणि दणका पेलायला त्यांच्याकडे काही उरत नाही.

नुसत्या रिमच्या इंचांना मात्र भिऊ नका. क्रेटाला १७ इंची रिम येते, पण टायर २१५/६० असतो, म्हणजे भिंत १२९ मिलिमीटर. जवळपास स्विफ्टच्या १४ इंचीएवढीच. म्हणून नवी गाडी घेताना किंवा अलॉय बदलताना पहिल्या आकड्याला दुसऱ्याने गुणा आणि शंभराने भागा. उत्तर ११५ च्या वर आलं तर धुळे-जळगावच्या पावसाळ्यात ती गाडी निभावून नेईल. शंभराच्या खाली आलं, तर टायरच्या किमतीबरोबर एका जादा रिमची किंमतही आताच विचारून ठेवा.