शेवटच्या दोन महिन्यांचं भाडं आणि डिपॉझिटचा हिशेब

घर बदलताना पैशांची खरी ओढाताण होते ती शेवटच्या दोन महिन्यांत. नव्या घराचं डिपॉझिट आधी भरावं लागतं. टेम्पो, हमाल, ब्रोकरची दलाली हे सगळं त्याच आठवड्यात येतं आणि जुन्या घराचं डिपॉझिट मात्र किल्ली दिल्याशिवाय हातात येत नाही. अशा वेळी बहुतेक भाडेकरूंच्या मनात एकच विचार येतो: मालकांकडे आपले पैसे पडलेलेच आहेत, मग शेवटचं भाडं त्यातूनच का जाऊ नये?

मागणी रास्त आहे, पण बरेच जण ती करतच नाहीत. ते भाडं भरायचं थांबवतात आणि मालकांचा फोन आला की म्हणतात, ‘डिपॉझिटमधून कापून घ्या.’ इथेच चूक होते. लिव्ह अँड लायसन्सच्या करारात भाडं दरमहा अमुक तारखेला द्यायचं असतं आणि डिपॉझिट घर रिकामं करून ताबा दिल्यावर परत करायचं असतं. दोन्ही कलमं वेगळी. काही करारांत तर डिपॉझिट भाड्यात वळतं करता येणार नाही, असं वाक्यच असतं. त्यामुळे न विचारता भाडं थांबवणं हा करारभंग ठरतो आणि मालकांना करार रद्द करण्याची नोटीस द्यायला कारण मिळतं. मालकांच्या संमतीने मात्र हेच काम सरळ होतं, कारण करार ज्या दोघांनी केला त्या दोघांना तो संमतीने बदलताही येतो.

मालक का कचरतात, हेही समजून घ्यायला हवं. डिपॉझिट ही त्यांच्या हातातली एकमेव हमी असते. वीजबिल थकलं, बेसिन फुटलं किंवा भाडेकरू मुदत संपूनही हलला नाही, तर हाताशी असतात ते हेच पैसे. मुदतीनंतरही घर न सोडणाऱ्याविरुद्ध महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं आणि ठरलेल्या भाड्याच्या दुपटीने नुकसानभरपाईही मागता येते. पण अर्ज, तारखा, वकील या फेऱ्यात कोणता मालक आनंदाने पडेल? म्हणून सगळं डिपॉझिट भाड्यात संपवा, असं मालकांना सांगूच नये. काही रक्कम शेवटपर्यंत त्यांच्याकडे राहील असाच प्रस्ताव ठेवावा.

एक उदाहरण घेऊ. कोथरूडमधला वन बीएचके, भाडं १८,००० रुपये, डिपॉझिट ७२,००० म्हणजे चार महिन्यांचं. करार अकरा महिन्यांचा, १ जुलै २०२५ ते ३१ मे २०२६. भाडेकरू जोडप्याने मार्चच्या मध्यालाच घर सोडणार असल्याचं कळवलं. मालक वयाने मोठे, खालच्याच मजल्यावर राहणारे. भाडेकरू त्यांच्याकडे जाऊन म्हणतो, ‘काका, एप्रिल आणि मेचं भाडं डिपॉझिटमधून वळतं करून घ्याल का? उरलेले छत्तीस हजार तुमच्याकडेच राहू द्या. किल्ली दिल्यावर बिलं बघून द्या. सगळं लिहूनच ठेवू.’ ‘लिहून ठेवू’ हे भाडेकरूच्या तोंडून आलं की मालकांची अर्धी काळजी मिटते, कारण लेखी कागदावर घर सोडण्याची तारीखही येणार असते.

आता तो कागद. तो दोन पानांचा नसला तरी चालेल, पण त्यात काही गोष्टी नेमक्या असायला हव्यात. सुरुवातीला मूळ कराराची तारीख आणि नोंदणी क्रमांक, म्हणजे हा कागद कशाला जोडलेला आहे ते कळेल. मग मुख्य वाक्य असं: ‘एकूण अनामत रक्कम ७२,००० रुपयांपैकी ३६,००० रुपये एप्रिल २०२६ व मे २०२६ या दोन महिन्यांच्या भाड्यापोटी उभयतांच्या संमतीने वळते करण्यात येत आहेत. या दोन महिन्यांचे भाडे मिळाले असे समजण्यात येईल. उर्वरित ३६,००० रुपये अनामत म्हणून मालकांकडे राहतील.’ त्यानंतर ३१ मे रोजी घर रिकामं करून किल्ल्या देण्याची कबुली. उरलेल्या रकमेतून काय कापता येईल आणि बाकी किती दिवसांत परत मिळेल, तेही. शेवटी ‘मूळ कराराच्या इतर सर्व अटी कायम राहतील’ हे वाक्य. दोघांच्या आणि दोन साक्षीदारांच्या सह्या, आणि प्रत्येकाकडे एकेक प्रत. हा कागद स्टॅम्प पेपरवर करायचा तर पूर्वीचा शंभराचा आता चालत नाही, ऑक्टोबर २०२४ पासून तो पाचशेचा झाला आहे.

या कागदाची मर्यादाही लक्षात ठेवावी. तो फक्त पैशांच्या हिशेबाचा आहे. ‘अजून दोन महिने राहतो’ असं त्यात घुसडू नये. मुदत वाढवायची तर नवा करार करून तो नोंदवावाच लागतो. कलम ५५ नुसार ती नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकांची आहे. लॉक-इनचा काळ संपायच्या आत घर सोडत असाल, तर आधी त्या कलमाचा निकाल लावा, मगच वळतं करण्याचं बोला.

सगळ्यात जास्त खटके उडतात ते कापून घेण्यावरून. खिळ्यांची भोकं, भिंतीचा उडालेला रंग, झिजलेला पायपुसण्याजवळचा कोपरा ही राहण्यातून येणारी झीज आहे. तुटलेली काच किंवा फुटलेला कमोड हे नुकसान. ‘रंगकामाचे अर्धा महिना भाडे’ असं मूळ करारात असेल तर ते द्यावंच लागतं, नसेल तर शेवटच्या दिवशी ते उपटून निघू नये म्हणून आत्ताच विचारून लिहून घ्यावं. बिलांचंही तसंच. वीजबिल नंतर येतं, पाइप गॅसचं तर आणखी उशिरा. म्हणून किल्ली देताना दोन्ही मीटरच्या आकड्यांचे फोटो दोघांनी मिळून काढावेत.

आपल्या उदाहरणात ३१ मे रोजी घर बघून झालं. रीडिंगप्रमाणे विजेचे १,१४० रुपये, गॅसचे ६२० आणि बिघडलेल्या लॅचचे ९०० असे २,६६० रुपये निघाले. ३६,००० मधून ते वजा जाता ३३,३४० रुपये मालकांनी भाडेकरूच्या खात्यावर पाठवले आणि त्याच कागदाच्या मागे ‘हिशेब पूर्ण मिळाला, किल्ल्या मिळाल्या’ असं लिहून दोघांनी सह्या केल्या.

एक गोष्ट नोकरदार भाडेकरू हमखास विसरतात. या दोन महिन्यांत बँकेतून भाडं गेलेलंच नसतं. घरभाडे भत्त्याची करसवलत घेताना ऑफिस पावत्या मागतं, तेव्हा एप्रिल आणि मे रिकामे दिसतात. त्यामुळे ‘अनामत रकमेतून वळते’ असा उल्लेख असलेल्या दोन्ही महिन्यांच्या भाडेपावत्या मालकांकडून त्याच वेळी घ्याव्यात. मालकांनाही उत्पन्नात ते ३६,००० भाडं म्हणूनच धरावे लागतात.

आणि मालक नाहीच म्हणाले तर? तो त्यांचा हक्क आहे. एकाच महिन्याचं वळतं करता येईल का, ते विचारून बघा. तेही नको म्हणाले तर भाडं तारखेला भरत राहा आणि डिपॉझिट परत करण्याची तारीख तेवढी लिहून घ्या. तुमचा करार येत्या दोन-तीन महिन्यांत संपत असेल, तर आज संध्याकाळी तो कपाटातून काढून डिपॉझिटचं कलम एकदा वाचा.