नेट अडखळतंय? दोष घरचा की कंपनीचा, असं ओळखा

ऑनलाइन तासात आवाज मध्येच तुटतो, पण स्पीड टेस्ट छान येते. अशा वेळी बहुधा काही पॅकेट वाटेत हरवत असतात. जवाहरनगरला आमच्या घरी रोज संध्याकाळी हेच व्हायचं. तुमच्याकडे होत असेल, तर लॅपटॉप राउटरला केबलनं जोडा, म्हणजे वायफायची शंका उरत नाही. मग त्रास सुरू असतानाच विंडोजच्या दोन कमांड प्रॉम्प्टमध्ये एकाच वेळी हे चालवा:

```
ping -n 300 192.168.1.1
ping -n 300 8.8.8.8
```

पहिला पत्ता राउटरचा (तुमचा वेगळा असू शकतो), दुसरा बाहेरचा. सहा मिनिटांनी आमच्याकडे पहिल्यात एकही पॅकेट हरवलं नव्हतं, दुसऱ्यात 300 पैकी 21, म्हणजे 7%. पहिल्यातच गळती दिसली असती, तर दोष घरातला.

पुढे वाट पाहिली:

```
tracert -d 8.8.8.8
```

राउटरनंतरचा टप्पा कंपनीचा. त्या पत्त्यालाही ping केलं, तर जवळपास तेवढीच गळती! म्हणजे बिघाड राउटर ते कंपनी एवढ्याच भागात. मात्र मधल्या एखाद्या टप्प्यावर * दिसले आणि पुढचे टप्पे नीट असले, तर घाबरू नका. ते यंत्र फक्त उत्तर द्यायचं टाळतं, पॅकेट पुढे पाठवतंच.

तक्रारीत हे आकडे वेळेसह लिहा. वेगळा राउटर लावूनही गळती तशीच राहिली, तर तेही सांगा.