बिल एप्रिलचं, कमाई मार्चची

पुण्यातली एखादी अभियांत्रिकी डिझाइन करणारी छोटी कंपनी घेऊ. ग्राहकाशी करार ताशी 1,500 रुपयांचा. मार्चमध्ये तिच्या इंजिनिअरांनी 400 तास काम केलं. पण टाइमशीटवर ग्राहकाची सही झाल्याशिवाय बिल काढता येत नाही, आणि ती सही 10 एप्रिलच्या आसपास होते. इंजिनिअरांचे पगार मात्र मार्चच्या खर्चात पडलेले असतात. बिलाची वाट पाहत बसलं तर मार्चमध्ये खोटा तोटा दिसेल आणि एप्रिलमध्ये फुगलेला नफा. त्यातून मार्च म्हणजे आर्थिक वर्षाची अखेर, त्यामुळे ही चूक थेट ताळेबंदात जाऊन बसते.

म्हणून 31 मार्चला हिशेबनीस आधी प्रोजेक्ट मॅनेजरला गाठतो. 400 पैकी 20 तास आपलीच चूक दुरुस्त करण्यात गेले, ग्राहक त्याचे पैसे देणार नाही, असं कळतं. ते तास सोडायचे. उरले 380, म्हणजे 5,70,000 रुपये. जर्नलमध्ये ‘अनबिल्ड रेव्हेन्यू’ खातं नावे, सेवा उत्पन्न खातं जमा. यात जीएसटी धरायचा नाही: तो सरकारचा पैसा, आपलं उत्पन्न नव्हे. बिल नियमातल्या मुदतीत निघणार असेल आणि आगाऊ रक्कम घेतलेली नसेल, तर कराचा हिशेब बिलाबरोबरच होतो.

1 एप्रिलला हीच नोंद उलटवायची. 10 तारखेला ग्राहकाने 375 तास मान्य केले. बिल झालं 5,62,500 रुपये आणि वर 18 टक्के जीएसटी. उलटवलेले 5,70,000 आणि बिलाचे 5,62,500 एकत्र आले की एप्रिलच्या उत्पन्नातून 7,500 रुपये कमी होतात. अंदाज आणि प्रत्यक्ष यांतला एवढा फरक चालण्यासारखा आहे. तो दर महिन्याला एकाच दिशेने पडत असेल, तर मात्र कोणीतरी तास हात सैल सोडून धरतंय.

सगळ्यात जास्त नुकसान करते ती उलट नोंद विसरण्याची चूक. ती राहिली की एकाच कामाचं उत्पन्न दोनदा चढतं, आणि नफा छान दिसत असल्यामुळे कोणी तक्रारही करत नाही. ती पकडायची तर अनबिल्ड खात्यातली शिल्लक नुसती बेरजेने पाहून भागत नाही; ग्राहकवार आणि महिनावार फोडून पाहावी लागते. बिल निघून गेलं तरी मार्चचे 5,70,000 जूनमध्येही तिथेच दिसले, तर उलट नोंद राहिली आहे. आणि बिलच निघालेलं नसेल, तर माझ्या मते ते बहुतेक वेळा ‘येणं’ राहिलेलं नसतं. ग्राहकाला काम पसंत नाही किंवा करारात न बसणारं जादा काम फुकट झालं आहे. अशा वेळी ग्राहकाकडून लेखी होकार मागावा. तो येत नसेल, तर रक्कम उत्पन्नातून वजा करावी, पुढच्या मार्चची वाट न पाहता.